दोन अध्यापन पद्धतींची तुलना: परिकल्पना आणि शून्य परिकल्पना कशी लिहायची

मागच्या आठवड्यात एका शिक्षिकेने तिच्या संशोधन आराखड्याचं एक पान मला पाठवलं. सातवीच्या दोन तुकड्या, विषय गणित, घटक अपूर्णांक. एका तुकडीला नेहमीसारखं फळ्यावर समजावून शिकवायचं आणि दुसरीत चार-चार मुलांचे गट करून त्यांच्याकडूनच उदाहरणं सोडवून घ्यायची, असा बेत. शून्य परिकल्पनेच्या जागी तिने लिहिलं होतं, "गटकार्य पद्धत प्रभावी नाही." आणि खाली प्रश्न, "मॅडम, मुख्य परिकल्पनेला 'नाही' लावलं की शून्य परिकल्पना होते ना?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवीन संशोधक विचारतो, आणि विचारत नाही तो तसंच लिहून मोकळा होतो. म्हणून तिचंच उदाहरण घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊया. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण गणित खरं आहे, तुम्ही करून बघू शकता.

तिच्या वाक्यात अडचण काय आहे ते आधी बघा. "प्रभावी" हे मोजलेलं नाही. कशापेक्षा प्रभावी, तेही नाही. कोणत्या मुलांसाठी, कोणत्या चाचणीवर, काहीच नाही. असं वाक्य खरं की खोटं ते कुठल्याच आकड्यावरून ठरवता येणार नाही. शून्य परिकल्पनेतलं "शून्य" म्हणजे नकार नव्हे, शून्य म्हणजे दोन सरासऱ्यांमधला फरक शून्य. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम होतं.

पायरी १: वाक्य लिहायच्या आधी चार गोष्टी कागदावर घ्या

कोणाची तुलना, कशाशी, काय मोजून आणि कधी. आमच्या उदाहरणात: सातवीतले विद्यार्थी, गटकार्याने शिकलेले विरुद्ध व्याख्यान पद्धतीने शिकलेले, अपूर्णांक घटकावरच्या २५ गुणांच्या चाचणीतले गुण, तीन आठवडे, १२ तासिका झाल्यावर लगेच.

यातलं "काय मोजून" हे सगळ्यात जास्त वेळ खातं आणि खाऊ द्या. मुलांची "समज" वाढेल असं आपण बोलताना म्हणतो, पण हातात येणार आहेत ते गुण. मग परिकल्पनेत "समज" लिहायची की "गुण"? गुण लिहा. समज हा शब्द उद्दिष्टात चालेल, परिकल्पनेत जे प्रत्यक्ष मोजणार तेच यायला हवं, नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येतो, की समज कशाने मोजलीत. आणि "गटकार्य" म्हणजे नेमकं काय केलं हे कार्यात्मक व्याख्येत वेगळं लिहा (गटात किती मुलं, गट कोणी पाडले, शिक्षक मध्ये कधी बोलले), ते सगळं परिकल्पनेच्या वाक्यात कोंबू नका.

पायरी २: संशोधन परिकल्पना, आणि दिशा द्यायची की नाही

संशोधन परिकल्पना दोन तऱ्हेने लिहिता येते (यात मध्यमान म्हणजे सरासरी). एक, दिशा नसलेली: "अपूर्णांक घटकावरील चाचणीत गटकार्य पद्धतीने शिकलेल्या आणि व्याख्यान पद्धतीने शिकलेल्या इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांच्या मध्यमान गुणांमध्ये फरक असतो." दुसरी, दिशा असलेली: "...गटकार्य पद्धतीने शिकलेल्यांचे मध्यमान व्याख्यान पद्धतीने शिकलेल्यांपेक्षा जास्त असते."

बहुतेकांना दुसरी लिहावीशी वाटते कारण आपण नवी पद्धत आवडते म्हणूनच निवडलेली असते. पण दिशा देणं म्हणजे, उलटा निकाल आला, म्हणजे गटकार्याची मुलं मागे पडली, तर त्याबद्दल मी काही दावा करणार नाही असं आधीच मान्य करणं. हे तुम्हाला खरंच मान्य आहे का? शाळेत एखाद्या नव्या पद्धतीने मुलांचं नुकसान झालं तर ते कळायला हवं की नको? माझं मत स्पष्ट आहे, आधीच्या संशोधनातून पक्का आधार नसेल आणि उलट निकाल तुमच्यासाठी अगदी निरर्थक नसेल तर दिशा नसलेलीच लिहा.

आणि दिशा देणार असाल तर डेटा बघायच्या आधी द्या. याचं कारण आकड्यात बघूया म्हणजे पटेल. समजा दोन्ही तुकड्या मिळून ७० मुलं आहेत आणि शेवटी टी-मूल्य, म्हणजे सरासऱ्यांमधला फरक योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे ते, १.८३ आलं. ०.०५ सार्थकता स्तरावर, म्हणजे नसलेला फरक सापडण्याची ५ टक्के जोखीम पत्करून, दिशा नसलेल्या परिकल्पनेला टी किमान १.९९५ लागतो, दिशा असलेलीला साधारण १.६६८ पुरतो. म्हणजे तोच डेटा, तेच टी, आणि एका वाक्याने "सार्थक फरक नाही" तर दुसऱ्या वाक्याने "सार्थक फरक आहे". निकाल हातात आल्यावर वाक्य बदललं तर ०.०५ हा आकडा मग ०.०५ राहतच नाही, चुकीचा फरक सापडण्याची शक्यता त्याच्या दुप्पट होते. म्हणून आराखडा मंजूर झाला त्या तारखेचं वाक्य आणि अहवालातलं वाक्य शब्दशः एकच हवं.

पायरी ३: आता शून्य परिकल्पना

वरच्या दिशा नसलेल्या परिकल्पनेची शून्य परिकल्पना अशी:

"अपूर्णांक घटकावरील चाचणीत गटकार्य पद्धतीने शिकलेल्या आणि व्याख्यान पद्धतीने शिकलेल्या इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांच्या मध्यमान गुणांमध्ये फरक नाही."

पुष्कळ प्रबंधांत इथे "सार्थक फरक नाही" असं लिहिलेलं सापडतं आणि बरेच गाईड तसंच लिहायला सांगतात. तुमच्या विद्यापीठाचा तो साचाच असेल तर भांडू नका, लिहा. पण मनात पक्कं ठेवा की सार्थक असणं-नसणं हा डेटावर चाचणी केल्यानंतरचा निकाल आहे, आणि शून्य परिकल्पना ही हाती आलेल्या ७० मुलांबद्दल नसतेच. ती ज्या मोठ्या समष्टीतून ही मुलं आली असं आपण मानतो तिच्याबद्दल असते. तुमच्या दोन तुकड्यांच्या सरासरीत फरक आहे का नाही यासाठी कुठलीही चाचणी लागत नाही, वजाबाकी केली की दिसतो. आपण विचारतो ते हे, की एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकला असता का.

चिन्हांत लिहिलं की हे आणखी स्वच्छ होतं. μ हे समष्टीचं मध्यमान, म्हणून x̄ वापरायचा नाही.

```
H0: μ1 = μ2
H1: μ1 ≠ μ2
```

इथे १ म्हणजे गटकार्य, २ म्हणजे व्याख्यान, हे खाली लिहून ठेवा, नंतर वजाबाकीची चिन्हं उलटी होतात आणि मग टेबल एक सांगतं आणि स्पष्टीकरण दुसरंच. दिशा दिली असेल तर H1 मध्ये μ1 > μ2 येईल आणि H0 मध्ये μ1 ≤ μ2. म्हणजे त्या शिक्षिकेचं "नाही लावलं की झालं" हे दिशा असलेल्या जोडीत थोडंफार चालतं, "जास्त नसते" असं, पण दिशा नसलेल्या संशोधन परिकल्पनेसमोर "जास्त नसते" लिहिलं तर जोडी मोडते. तपासायची सोपी युक्ती: दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवा, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत ना, आणि दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकत नाहीत ना, हे बघा. "जास्त नसते" आणि "फरक असतो" ही जोडी घ्या, गटकार्याची मुलं मागे असतील तर दोन्ही खरी ठरतात. म्हणजे जोडी चुकली.

पायरी ४: किती शून्य परिकल्पना लिहायच्या

जितक्या तुलना तुमच्या उद्दिष्टात आहेत तितक्या, आणि प्रत्येकीला एकच चाचणी. इथे एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर जरा थांबते.

आराखड्यात असं असतं. शून्य परिकल्पना १: गटकार्य गटाच्या पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीच्या मध्यमानात फरक नाही. शून्य परिकल्पना २: व्याख्यान गटाच्या पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीच्या मध्यमानात फरक नाही. मग दोन्ही तपासल्या जातात, पहिलीचा टी येतो समजा ९ आणि दुसरीचा ७, दोन्हींचा त्याग, आणि निष्कर्ष लिहिला जातो की ९ मोठा म्हणून गटकार्य पद्धत जास्त परिणामकारक.

हे चुकीचं आहे आणि मनापासून सांगते, यात वर्षभराची मेहनत वाया गेलेली मी पाहिली आहे. तीन आठवडे अपूर्णांक शिकवल्यावर दोन्ही तुकड्यांचे गुण वाढणारच, त्या दोन परिकल्पनांचा त्याग होणं हे शिकवलं होतं एवढंच सांगतं. टी-मूल्य गटात मुलं किती आणि गुणांचा विस्तार किती यावरही ठरतं, म्हणून दोन गटांचे टी शेजारी ठेवून पद्धतींची तुलना होत नाही. तुमचा प्रश्न "कोणती पद्धत" हा असेल तर शून्य परिकल्पनेच्या वाक्यात दोन्ही पद्धतींची नावं यायलाच हवीत. एकाच पद्धतीचं नाव असलेली परिकल्पना तुलनेचं उत्तर देऊ शकत नाही. लिहून झालं की प्रत्येक परिकल्पनेवर पेन्सिलीने दोन्ही पद्धतींखाली रेघ मारून बघा, एकच रेघ आली तर ती काढून टाका किंवा दुय्यम म्हणून ठेवा.

दुसरं, मुलगे-मुली, हुशार-मागे पडलेले असं तोडत तोडत दहा परिकल्पना करू नका. प्रत्येक ०.०५ वर तपासली आणि खरं तर कुठेच फरक नसला, तरी दहा स्वतंत्र तपासण्यांत किमान एक तरी खोटा "सार्थक फरक" निघण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होते. एक मुख्य, फार तर दोन दुय्यम.

पायरी ५: पूर्वचाचणीचं काय

एकाच शाळेत तुकड्या आधीच पडलेल्या असतात, आपण मुलं चिठ्ठ्या टाकून वाटत नाही. म्हणून सगळे पूर्वचाचणी घेतात, तिच्यासाठी एक शून्य परिकल्पना लिहितात, फरक सार्थक नाही निघाला की "दोन्ही गट समतुल्य आहेत" असं लिहून पुढे जातात.

पण त्याग करता आला नाही म्हणजे शून्य परिकल्पना सिद्ध झाली असं नसतं. रोनाल्ड फिशरने १९३५ मध्ये शून्य परिकल्पना ही कल्पना मांडली तेव्हाच हे सांगितलं होतं, की ती खोडता येते, सिद्ध करता येत नाही. आपल्या उदाहरणात ३६ आणि ३४ मुलं, पूर्वचाचणीच्या गुणांचा विस्तार, म्हणजे प्रमाण विचलन, दोन्हीकडे साधारण ३.६ धरलं, तर मध्यमानांत साधारण १.७ गुणांपर्यंतचा फरक "सार्थक नाही" म्हणून सुटतो. म्हणजे गटकार्याची तुकडी आधीपासूनच दीड गुण पुढे असू शकते आणि तुमच्या कागदावर मात्र समतुल्य. शेवटी दोन गुणांचा फरक मिळाला तर त्यातला पद्धतीचा किती?

म्हणून पूर्वचाचणी घेताय तर ती परिकल्पनेतच आणा. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक मुलाची गुणवाढ (उत्तरचाचणी वजा पूर्वचाचणी) काढायची आणि लिहायचं, "दोन्ही पद्धतींनी शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या मध्यमान गुणवाढीत फरक नाही." अधिक चांगला मार्ग अँकोव्हा, म्हणजे पूर्वचाचणीतल्या फरकाचा हिशोब धरून उत्तरचाचणीची तुलना करणारी चाचणी, तिथे वाक्य होतं, "पूर्वचाचणीचे गुण विचारात घेऊन काढलेल्या उत्तरचाचणीच्या समायोजित मध्यमानांत फरक नाही." बघा, चाचणी बदलली की वाक्य बदललं. आराखड्यात नुसतं "मध्यमानांत फरक नाही" आणि विश्लेषणात अँकोव्हा असं असेल तर जुळत नाही, आणि जाणकार परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

पायरी ६: तपासणी, आणि निकालाचं वाक्य

आता फक्त उत्तरचाचणीची साधी तुलना पूर्ण करून दाखवते. गटकार्य: ३६ मुलं, मध्यमान १६.८, प्रमाण विचलन ४.२. व्याख्यान: ३४ मुलं, मध्यमान १४.६, प्रमाण विचलन ४.५. फरक २.२ गुण. या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो योगायोगाने साधारण किती हलू शकतो ते, येते साधारण १.०४, म्हणून टी = २.२ भागिले १.०४, म्हणजे सुमारे २.१२. स्वाधीनता मात्रा ३६ + ३४ − २ = ६८. लागतात १.९९५, आले २.१२, म्हणून ०.०५ स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग. ०.०१ स्तराला २.६५ लागले असते, तिथे त्याग होत नाही. कोणता स्तर ते परिकल्पनेबरोबरच आधी लिहायचं ते यासाठी. दोन्ही स्तरांवर तपासून जो जमेल तो लिहिणं ही पुन्हा वाक्य बदलण्यासारखीच गोष्ट झाली.

स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर गटकार्याचे गुण B मध्ये, व्याख्यानाचे C मध्ये ठेवून:

```
=T.TEST(B2:B37, C2:C35, 2, 2)
```

पहिला २ म्हणजे दिशा नसलेली, दुसरा २ म्हणजे दोन स्वतंत्र गट आणि त्यांचं प्रसरण समान मानलेलं. प्रसरण समान मानायचं नसेल तर शेवटी ३. उत्तर म्हणून टी नाही तर पी-मूल्य मिळतं, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असती तर एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता, या आकड्यांना साधारण ०.०४. दिशा असलेली परिकल्पना असेल तर पहिल्या २ च्या जागी १ टाकतात, पण हे सूत्र कोणता गट पुढे आहे ते बघतच नाही. तुमची मुलं मागे असली तरी ते लहान पी-मूल्य देऊन मोकळं होतं. म्हणून १ टाकायच्या आधी दोन सरासऱ्या डोळ्यांनी बघा.

निकाल लिहिताना त्याग झाला तर: "०.०५ स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग केला. गटकार्य गटाचे मध्यमान २.२ गुणांनी जास्त आढळले." त्याग झाला नाही तर "शून्य परिकल्पनेचा त्याग करता आला नाही" असं लिहा, "स्वीकार केला" किंवा "दोन्ही पद्धती सारख्याच आहेत" असं नको. आणि फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल जोडा, इथे तो साधारण ०.१ ते ४.३ गुण येतो. हा आकडा मला फार प्रामाणिक वाटतो, कारण "सार्थक" या शब्दाने झाकलेली गोष्ट तो उघडी करतो, की २५ पैकी खरा फरक चार गुणांचाही असेल आणि जेमतेम नसल्यासारखाही असेल.

एकाच शाळेची मर्यादा

एक तुकडी एका पद्धतीला, दुसरी दुसरीला. म्हणजे तुकडीतला फरक आणि पद्धतीतला फरक एकमेकांत मिसळलेले आहेत. गटकार्याची तासिका सकाळची असेल आणि व्याख्यानाची दिवसातली शेवटची असेल, किंवा दोन तुकड्यांचे शिक्षक वेगळे असतील, तर २.२ गुणांचं श्रेय कोणाचं ते टी-टेस्ट सांगू शकत नाही. शिवाय टी-टेस्ट प्रत्येक मूल स्वतंत्र धरते आणि गटात एकमेकांकडून शिकणारी मुलं पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे पी-मूल्य जरा जास्तच आशादायक येतं.

यावर शाळेतल्या शाळेत करता येण्यासारखं थोडं आहे. दोन्ही तुकड्यांना एकाच शिक्षकाने शिकवणं, तासिकांच्या वेळा आठवड्याआड बदलणं, आणि जमलं तर पुढच्या घटकाला पद्धतींची अदलाबदल करणं. अदलाबदल केलीत तर मात्र प्रत्येक मूल दोन्ही पद्धतींनी शिकतं, तेव्हा शून्य परिकल्पनाही पुन्हा लिहावी लागेल, "त्याच विद्यार्थ्यांच्या दोन पद्धतींखालील मध्यमान गुणांत फरक नाही" अशी, आणि दोन घटकांच्या चाचण्या सारख्याच कठीण आहेत का हा नवा प्रश्न येईल, कारण दशांश अपूर्णांकांची चाचणी सोपी निघाली तर तेवढ्यानेही गुण वर जातात.

यामुळेच परिकल्पनेत "पद्धतीमुळे" हा शब्द मी लिहू देत नाही. "पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या मध्यमानांत" एवढंच. "मुळे" म्हणायचा हक्क मुलं कशी वाटली आणि बाकी गोष्टी किती सारख्या ठेवल्या त्यावरून मिळतो, वाक्यातून नाही.

त्या शिक्षिकेने काल सुधारलेलं पान पाठवलं. आधी सहा परिकल्पना होत्या, आता एकच मुख्य आहे, गुणवाढीवर, दिशा न देता, ०.०५ स्तर लिहून. तिने मुख्याध्यापकांशी बोलून दोन्ही तुकड्यांचा गणिताचा तास स्वतःकडे घेतलाय, आणि पूर्वचाचणी पुढच्या सोमवारी आहे.